पिग्मीकाकांची डायरी आणि पहिली केस स्टडी

तालुक्याच्या गावातली पेठ, सकाळचे अकरा. पिग्मी गोळा करणारे एक काका कापडाच्या दुकानासमोर उभे आहेत. काखेत बॅग, हातात फोन, शर्टाच्या खिशात एक लांबट डायरी. दुकानदार गल्ल्यातून शंभराची नोट काढून देतो. काका फोन खिशात टाकतात, डायरी काढतात, एका ओळीसमोर १०० लिहितात आणि पुढच्या दुकानाकडे वळतात. पतसंस्थेने त्यांना ॲप दिलेलं आहे. पैसे घेतले की तिथल्या तिथे नोंद करायची आणि दुकानदाराला लगेच एसएमएस जायचा, अशी योजना. प्रत्यक्षात काका रात्री जेवण झाल्यावर डायरी उघडतात आणि दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकदम भरतात. दुकानदाराला एसएमएस येतो तो दुकान बंद झाल्यावर. एखादा आकडा चुकला असेल तर ते कळायला कधी आठवडा लागतो.

हे तीन दिवस जवळून पाहणारे दोघे होते. ती मानसशास्त्रात एम.ए. झालेली, तो संगणक अभियांत्रिकीचा पदवीधर. काका तिचे सख्खे काका. दोघांनाही यूएक्स डिझाइनमध्ये यायचं होतं आणि त्यासाठी पोर्टफोलिओ लागतो, एवढं त्यांना माहीत होतं. मी पुण्यात या क्षेत्रात बरीच वर्षं काम करतो आणि नव्या मुलांचे पोर्टफोलिओ वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. दोघांनी आधी मला दाखवली होती ती केस स्टडी जेवण घरपोच देणाऱ्या एका प्रसिद्ध ॲपची होती. त्यांनी त्याचे रंग बदलले होते, बटणं गोल केली होती आणि मुख्य पान ‘स्वच्छ’ केलं होतं. पडदे देखणे होते. मी विचारलं, हे बदल कोणाला हवे होते? दोघं गप्प बसले.

त्या गप्प बसण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. यूएक्स, म्हणजे युजर एक्सपिरियन्स, याचा साधा अर्थ असा की एखादी वस्तू किंवा सेवा वापरताना माणसाच्या वाट्याला जे येतं ते सगळं. त्याला काय करायचं होतं, कुठे अडलं, काय चुकलं, चूक त्याच्या लक्षात आली का. यूएक्स डिझायनर हे आधी पाहतो, मग बदलाची आखणी करतो, आणि ती आखणी चालते का हे माणसांसमोर तपासतो. पडद्यावरचं चित्र या साखळीच्या शेवटी येतं. प्रसिद्ध ॲपची नवी रंगरंगोटी करताना पहिल्या दोन कड्या हातातच नसतात. त्या कंपनीला कोणती अडचण होती, कोणत्या बंधनांमुळे एखादं बटण तिथे आहे, किती माणसं कुठे थांबतात, यातलं काहीच बाहेरच्या विद्यार्थ्याला ठाऊक नसतं. त्यामुळे ‘का’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

मानसशास्त्र आणि अभियांत्रिकी या दोन वाटा इथे येऊन मिळतात, हे या विषयाच्या जन्मापासूनच आहे. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९५७ साली एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९६२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. त्यानंतर नियंत्रणकक्षातल्या चुकांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये ते होते. माणसं चुकली असं म्हणून थांबण्याऐवजी, त्या कक्षाची मांडणीच चुका घडवणारी होती का, हा प्रश्न तिथे पुढे आला. १९९३ मध्ये नॉर्मन ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी स्वतःसाठी घेतलेल्या हुद्द्याच्या नावातच ‘युजर एक्सपिरियन्स’ हे शब्द होते. चुकांचे त्यांनी केलेले दोन प्रकार आजही रोज कामाला येतात. एक, हेतू बरोबर पण हात चुकला. दुसरा, समजूतच चुकली म्हणून हेतूही चुकीचा. पिग्मीकाकांच्या गोष्टीत हा फरक निर्णायक ठरणार आहे.

मी त्या दोघांना एवढंच सांगितलं, की रोज तीच कृती पुष्कळ वेळा करणारा आणि तुम्हाला शेजारी उभं राहू देणारा एखादा माणूस शोधा. तिला काका आठवले.

आता खरी गंमत. पेठेत जाण्याआधीच दोघांनी उत्तर ठरवून टाकलं होतं. काका पंचावन्न वर्षांचे, ॲप इंग्रजीत, अक्षरं बारीक. म्हणजे मराठीकरण करून अक्षरं मोठी केली की झालं. त्याने दोन पडदे काढूनही ठेवले होते. तिने काकांना घरी बसवून मुलाखत घेतली तेव्हा काका म्हणाले, “अगं, ॲप चांगलं आहे. काही अडचण नाही.” हे उत्तर खोटं नव्हतं, पण उपयोगाचंही नव्हतं. आपलं काम आपण कसं करतो ते माणसाला सांगता येतंच असं नाही, कारण सवयीच्या कृती मनाच्या देखरेखीबाहेर चालतात. शिवाय ॲप पतसंस्थेने दिलेलं. पुतणीसमोरसुद्धा त्याविषयी तक्रार कशी करायची, हा संकोच. मानसशास्त्र शिकलेल्या मुलीला हे पुस्तकातून माहीत होतं. तरी तिने मुलाखतीवर भिस्त ठेवली होती, आणि हे तिने केस स्टडीत पुढे सरळ लिहिलं.

मग ती म्हणाली, “काका, उद्या मी तुमच्या मागे मागे फिरते. तुम्ही मला शिकवताय असं समजा. मी नवीन एजंट.” या पद्धतीला क्षेत्रात नाव आहे, पण तिचं मर्म या एका वाक्यात आहे. जाणकार काम करतो, आपण शिकाऊ म्हणून पाहतो आणि हात थांबला की हळूच विचारतो, “आत्ता हे का केलंत?” आवडेल का, चालेल का, असले प्रश्न टाळायचे, ते पुढचं भाकीत मागतात आणि माणूस समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो. त्याऐवजी “काल शेवटची नोंद चुकली ती दाखवता का?” असं विचारलं की घडलेली गोष्ट हाती लागते.

तीन दिवसांत ती दोघं काकांबरोबर पेठेत साधारण सत्तर दुकानं फिरली. तिने माणसाकडे पाहायचं आणि काका जे बोलतील ते जसंच्या तसं लिहायचं. त्याने फोनच्या पडद्याकडे पाहायचं आणि घड्याळ लावायचं. पहिल्याच दिवशी ठरवलेलं उत्तर कोसळलं. काका इंग्रजी अक्षरांपाशी अडतच नव्हते. ‘सेव्ह’ कुठे, ‘प्रिंट’ कुठे, हे त्यांच्या बोटाला पाठ होतं. अडचण त्याच्या आधी होती. ॲपमध्ये खातेदार शोधायचा तर सहा आकडी खाते क्रमांक टाका, नाहीतर खात्यावरचं नाव. काकांच्या डोक्यात मात्र ‘कोपऱ्यावरचे पानवाले’ होते. पानवाल्यांचं खातं बायकोच्या नावावर, कापडवाल्यांचं वडिलांच्या. म्हणजे समोर माणूस दिसत असताना काकांना वेगळंच नाव आठवावं लागत होतं. आठवणं जड असतं आणि समोर दिसलेलं ओळखणं हलकं. स्मृतीच्या अभ्यासातली ही जुनी गोष्ट पेठेत उन्हात उभं राहून त्या दोघांना दिसली. त्यातून एक नोंद झाली की यादी पुन्हा पहिल्या ओळीवर जायची. पुढचं दुकान शेजारीच असलं तरी शोध नव्याने. एका नोंदीला सरासरी अडतीस सेकंद लागले. डायरीत आठ.

डायरीत आठच का लागत होते? इथे दोघांनी जे केलं ते मला सर्वांत आवडलं. त्यांनी काकांच्या परवानगीने डायरीचं पान शांतपणे वाचलं. नावं पेठेच्या क्रमाने होती: डावी बाजू, मग चौक, मग परतताना उजवी बाजू. काही ओळींपुढे पेन्सिलीची छोटी फुली होती. काकांनी खुलासा केला, “त्यांची भवानी नाही झाली अजून. येताना घेतो.” दिवसाची पहिली विक्री झाल्याशिवाय गल्ल्यातून पैसा बाहेर काढायचा नाही, हे बऱ्याच दुकानांत पाळतात. म्हणजे फेरीचा क्रम ठरलेला, पण रोज त्यातले पाच-सात जण मागे राहणार आणि परतीच्या वाटेवर भेटणार. पतसंस्थेच्या ॲपला क्रम ठाऊक नव्हता, फुलीही ठाऊक नव्हती. कागदाच्या डायरीला दोन्ही ठाऊक होतं. माणसाने स्वतःसाठी केलेली अशी जुगाडं म्हणजे अर्धं डिझाइन तयारच असतं. नवी मुलं त्यांच्याकडे मागासलेपण म्हणून पाहतात आणि हातातलं सोनं टाकून देतात.

घरी आल्यावर एकेक निरीक्षण एकेका चिठ्ठीवर लिहिलं. शंभराच्या वर चिठ्ठ्या झाल्या. त्या जमिनीवर पसरून, आधी मथळे न ठरवता, जवळच्या वाटतील त्या जवळ सरकवत गेले. ही रीत जपानी मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या नावाने ओळखली जाते. त्यात एकच पथ्य आहे: गटाचं नाव शेवटी द्यायचं. आधी ‘भाषा’, ‘रंग’, ‘वेग’ असे डबे मांडून चिठ्ठ्या टाकल्या की आपण घरून घेऊन गेलेलंच परत मिळतं. या दोघांचा ‘भाषा’ नावाचा गट झालाच नाही. सर्वांत मोठ्या ढिगाला त्यांनी नाव दिलं, ‘काकांना माणूस दिसतो, ॲपला खातं दिसतं’. मग प्रश्न एका वाक्यात मांडता आला: फेरीवरच्या एजंटला उभ्या-उभ्या, एका हाताने, दहा सेकंदांच्या आत बरोबर नोंद करता यावी. हे वाक्य चांगलं आहे, कारण त्यात परिस्थिती आहे आणि तपासता येईल असं माप आहे. ‘वापरायला सोपं ॲप’ असं लिहिलं असतं तर काहीच तपासता आलं नसतं.

पहिली आखणी कागदावर झाली. फोनच्या आकाराचे कागद, त्यावर पेनाने काढलेली यादी, पेठेच्या क्रमाने. खात्यावरच्या नावाच्या वर एजंटने स्वतः दिलेलं नाव, ‘कोपऱ्यावरचे पानवाले’. ओळ डावीकडे सरकवली की फुली, आणि फुलीवाले सगळे यादीच्या तळाशी ‘येताना’ या शीर्षकाखाली. नोंद झाली की यादी आपोआप पुढच्या दुकानावर. रकमेसाठी त्याने एक सुरेख युक्ती काढली. बहुतेक दुकानदार रोज तीच रक्कम देतात, मग कालची रक्कम आधीच भरलेली ठेवायची. एजंटने फक्त ‘सेव्ह’ दाबायचं. कागदावर गोंधळ निस्तरल्यावर हेच फिग्मामध्ये, दाबलं की पुढचा पडदा येईल असं, जोडून घेतलं.

चाचणीसाठी त्यांनी काकांच्या ओळखीने पाच वेगळे एजंट मिळवले. पाचच का, हे विचारण्यासारखं आहे. जेकब निल्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका वापरकर्त्याच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, असं धरलं तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हा आकडा मुलं मंत्रासारखा लिहितात आणि त्यातलं ‘असं धरलं तर’ विसरतात. दहातल्या एकालाच येणारी अडचण असेल, तर पाच जणांत ती एकदा तरी दिसण्याची शक्यता ४१ टक्केच. म्हणजे पाच माणसं ढोबळ अडचणी शोधायला पुरतात. दुर्मीळ चूक शोधायला किंवा ‘इतके टक्के लोकांना आवडलं’ असं म्हणायला पुरत नाहीत.

चाचणीची मांडणी तिने केली, आणि इथे तिचं शिक्षण कामाला आलं. वीस बनावट दुकानांची यादी, खरं एकही नाव किंवा खाते क्रमांक नाही. प्रत्येक दुकानासाठी एक कार्ड. सतरा कार्डांवर नेहमीची रक्कम, तीन कार्डांवर वेगळी: ‘आज पन्नासच घ्या’. ती तीन कुठे येतील ते एजंटला सांगितलं नाही. एजंटने उभं राहून, दुसऱ्या हातात बॅग धरून नोंदी करायच्या आणि मनात येईल ते बोलत राहायचं. तिने मदत करायची नाही. हे फार अवघड जातं. माणूस अडखळला की आपला हात आपोआप पुढे होतो आणि “तिथे नाही, खाली बघा” असं तोंडातून निघतं. त्या क्षणी चाचणी संपलेली असते. तिने एकच वाक्य पाठ केलं होतं, “मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?”

निकाल पाहून तो खूश झाला. सरासरी पाच सेकंद. अडतीसवरून पाच! तिने दुसरी वही उघडली. वेगळ्या रकमेच्या पंधरा नोंदींपैकी सहा चुकल्या होत्या. एजंटने कार्ड वाचलं, ‘पन्नास’ असं तोंडाने म्हटलंही, आणि अंगठ्याने शंभरावर ‘सेव्ह’ दाबलं. नॉर्मन यांच्या वर्गवारीतली ही पहिल्या प्रकारची चूक. हेतू बरोबर होता, सवयीने हात पुढे नेला. आधीच भरलेली रक्कम हातालाच निर्णय घेऊ देत होती. आणि इथे चुकीची किंमत साधी नाही. पन्नास रुपये कोणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न एजंट आणि दुकानदार यांच्यातल्या विश्वासाचा आहे.

दोघांचं यावर चांगलंच वाजलं. तो म्हणाला, ‘खात्री आहे का?’ असा प्रश्न मध्ये टाकू. ती म्हणाली, चार वेळा आला की त्यावरही हात सवयीने ‘हो’ दाबेल. तिचं बरोबर होतं; प्रत्येक वेळी येणारा इशारा कोणी वाचत नाही. दुसऱ्या आखणीत भरलेली रक्कम काढून टाकली. तिच्या जागी त्या दुकानदाराच्या अलीकडच्या तीन रकमा, तीन मोठ्या बटणांवर. आता ‘सेव्ह’ नावाचं बटणच नाही. रकमेचं बटण दाबणं म्हणजेच नोंद. हाताला आकड्यावरच जावं लागतं, म्हणून डोळ्यालाही जावं लागतं. नोंद झाल्यावर पडदाभर मोठा आकडा आणि खाली अक्षरी ‘पन्नास रुपये’, चार सेकंद, आणि ‘मागे घ्या’. हा आकडा दुकानदाराला समोरून दिसेल एवढा मोठा ठेवला. तीन बटणं पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात, अंगठ्याच्या टप्प्यात. लक्ष्य मोठं आणि जवळ असलं की हात तिथे लवकर आणि अचूक पोहोचतो, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं.

दुसऱ्या फेरीत पंधरापैकी एक चूक झाली. वेळ मात्र पाचवरून सात सेकंदांवर गेला. दोन सेकंद देऊन पाच चुका वाचवल्या. ही देवघेव त्यांनी केस स्टडीत उघड मांडली. त्याखाली तिने लिहिलेला परिच्छेद मी अनेकांना दाखवला आहे. दुसऱ्या फेरीच्या पाच जणांतले तीन पहिल्या फेरीतलेच होते, नवे एजंट दोनच मिळाले. त्यामुळे सुधारणेतला काही भाग सरावाचा असू शकतो, असं तिने नोंदवलं. शिवाय अडतीस सेकंद खऱ्या ॲपवर, खऱ्या पेठेत मोजलेले. सात सेकंद एका खोलीत, रेंजची अडचण नसताना. दोन्हींची सरळ वजाबाकी करू नये, असंही लिहिलं. अनुभवी माणूस हे वाचतो आणि त्याचा बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास वाढतो.

अभियंत्याचा वाटा रेंजच्या प्रश्नात दिसला. पेठेच्या आतल्या गल्लीत रेंज जाते. जुन्या ॲपवर चक्र फिरत राहायचं, काका वैतागून पुन्हा दाबायचे, आणि रेंज आली की एकाच पैशाच्या दोन नोंदी. डिझाइन शिकणारी बहुतेक मुलं सगळं सुरळीत चाललेलंच काढतात. त्याने त्याच पडद्याच्या पाच अवस्था काढल्या: यादी रिकामी, रेंज नाही, नोंद फोनवर आहे पण पाठवायची बाकी, पाठवली, आणि नाकारली गेली. प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतंत्र क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच नोंद दोनदा पोहोचली तरी सर्व्हर ती एकच मानेल, हे त्याने चार ओळींत समजावलं. पाठवायची बाकी असेल तर दुकानदाराला एसएमएस जाणार नाही, तेव्हा त्याच्या समाधानासाठी तो मोठा आकडा आणखी गरजेचा, हा धागाही त्यानेच जोडला. काकांच्या फोनवर उन्हात फिकट राखाडी अक्षरं दिसत नव्हती, म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५ला १ ठेवला. हे वेब सुलभतेच्या मानकातलं साध्या मजकुराचं किमान माप आहे. मराठी नावांसाठी ओळींतलं अंतरही वाढवलं, नाहीतर वरची वेलांटी आणि रफार कापले जातात.

आता हे सगळं मांडायचं कसं? पहिल्या खर्ड्यात त्यांनी पुस्तकातल्या पायऱ्यांचे मथळे दिले होते आणि प्रत्येकाखाली समान मजकूर. वाचणाऱ्याला कंटाळा आला असता. पोर्टफोलिओ वाचणारा माणूस पहिल्या मिनिटात ठरवतो की पुढे वाचायचं का. म्हणून सुरुवातीलाच पाच ओळी हव्यात: कोणाची काय अडचण, किती दिवसांचं काम, कोण काय केलं, काय निघालं, काय अपुरं राहिलं. ‘आम्ही’ हा शब्द इथे धोक्याचा. दोघांनी मिळून काम केलं असेल तर माझं नेमकं काय, हे प्रत्येकाने आपापल्या प्रतीत लिहावं. त्यामुळे एकाच कामाच्या दोन वेगळ्या केस स्टडी झाल्या. तिच्या प्रतीत पेठेतले तीन दिवस आणि चाचणीची मांडणी सविस्तर, पडदे थोडके. त्याच्या प्रतीत निरीक्षण एका पानात, आणि पाच अवस्था व दोन आखण्यांमधला बदल ऐसपैस. डायरीचं छायाचित्र दोन्हींत होतं, नावं आणि रकमा झाकून. कोणाच्या बचतीचे आकडे जगासमोर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही, आणि मुलाखत घेणारे हेही पाहतात. टाकून दिलेले पहिले पडदे, ती मोठी मराठी अक्षरं, त्यांनी ठेवली. माझा आग्रह होता. मत कसं बदललं हे त्याशिवाय कळलं नसतं.

नोकरीच्या बाजाराबद्दल खरं तेच सांगायला हवं. ‘यूएक्स रिसर्चर’ या नावाची नवशिक्यांसाठीची पदं कमी असतात, कारण छोट्या कंपन्या निरीक्षण आणि आखणी एकाच माणसाकडून करून घेतात. मानसशास्त्राच्या पदवीधराने निदान कागदावरची आखणी आणि फिग्मा एवढं हाताशी ठेवावं. त्याविना दारं फार थोडी उघडी राहतात. अभियंत्याचा अडथळा उलट आहे. त्याला उपाय लवकर सुचतो आणि तो त्याच्या प्रेमात पडतो. शिस्तशीर शिक्षण हवं असेल तर आयआयटी मुंबई घेत असलेली सीईईडी ही परीक्षा एम.डेस.ची वाट उघडते. पण परीक्षेला बसण्याची पात्रता आणि एकेका संस्थेतल्या प्रवेशाची पात्रता वेगवेगळी असते, आणि तीन वर्षांच्या बी.ए.ने हे खास करून आधी तपासावं. अनेक जण थेट नोकरीच्या वाटेने येतात, आणि तिथे मुलाखतीत बहुधा तुमचीच एक केस स्टडी समोर ठेवून उलटतपासणी होते.

तिच्या मुलाखतीत जवळजवळ अर्धा वेळ त्या सहा चुकांवर गेला. तीनच कार्डं वेगळी का ठेवलीस, क्रम बदलला असता तर काय झालं असतं, असे प्रश्न. तिला उत्तरं देता आली, कारण ती चाचणीच्या आदल्या रात्री तिनेच डोकं लावून ठरवली होती. त्याला विचारलं, ‘मागे घ्या’साठी चार सेकंदच का? तो म्हणाला, हे आम्ही तपासलेलं नाही, अंदाजाने ठेवलं. हे उत्तर चालून गेलं. त्या अंदाजाला त्याने संशोधनाचा मुलामा दिला असता तर चाललं नसतं.

दोघांनी शेवटी ते काम पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना दाखवलं. ते ॲप संस्थेने स्वतः बनवलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं, त्यामुळे लगेच बदल होण्यासारखा नव्हता. व्यवस्थापकांनी सगळं नीट पाहिलं आणि एकच विचारलं: काका आजारी पडले आणि दुसरा माणूस फेरीवर गेला, तर ‘कोपऱ्यावरचे पानवाले’ त्याला कसे सापडणार? हा प्रश्न दोघांना सुचलाच नव्हता. तिने तो केस स्टडीच्या शेवटच्या पानावर व्यवस्थापकांच्या शब्दांत उतरवला, आणि पुढच्या शनिवारी दोघं पेठ ज्याला ठाऊक नाही असा एक बदली एजंट शोधायला निघाले.